न्याहारीनंतरची पाच मिनिटं : ओमचं पोट आजीने कसं मार्गी लावलं

मे महिन्यात डोंबिवलीहून दोन नातवंडं देवगडजवळच्या गावी आजीकडे राहायला आली. स्वरा नऊ वर्षांची, ओम सहाचा. आई-बाप दोन दिवस राहून परत गेले. जाताना सुनेने आजीला बजावलं, "आई, ओमला अधूनमधून पातळ होतंय, चड्डी खराब होते. फळं जरा बेताने द्या."

आजीने हो म्हटलं, पण दोन दिवस पोराकडे नीट लक्ष ठेवलं. पातळ होणारं पोर दिवसातून चार वेळा मागीलदारी पळतं. ओम मात्र संडासाकडे फिरकतच नव्हता. खेळता खेळता मध्येच थांबायचा, पडवीच्या खांबाआड जायचा, टाचा उचलून पाय आवळून उभा राहायचा, चेहरा लाल व्हायचा आणि मिनिटभराने पुन्हा खेळायला लागायचा. संध्याकाळी चड्डीला डाग. स्वराला वाटलं, भावाला होत नाहीये म्हणून तो जोर लावतोय. आजी म्हणाली, "तो जोर नाय लावत गो. तो धरून ठेवता."

ही गोष्ट लिहितोय ती आजीच्या याच एका ओळखीसाठी. मुलांच्या बद्धकोष्ठतेत बहुतेक घरं इथेच फसतात. पाय आवळून उभं राहणारं मूल शौच करायचा प्रयत्न करत नसतं, शौच थांबवत असतं. कधीतरी एकदा कडक शौच होऊन दुखलेलं असतं. कधी प्रवासात, कधी शाळेतल्या घाण संडासामुळे, कधी तापानंतर पाणी कमी पडून. मूल ते दुखणं विसरत नाही आणि पुढच्या वेळी कळ आली की आवळून धरतं. धरलं की कळ थोड्या वेळाने जाते, पण मळ तिथेच राहतो. मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, म्हणून तो आणखी कडक आणि मोठा होतो, पुढच्या वेळी आणखी दुखतं आणि मूल आणखी घट्ट धरतं. असं आठवड्यानुआठवडे चाललं की गुदाशय ताणलेलाच राहतो आणि कळ आल्याची जाणीवच बोथट होते. मग अडलेल्या कडक गोळ्याच्या बाजूने वरचा पातळ मळ झिरपतो आणि चड्डीला लागतो. मुलाला ते कळतही नाही. घरच्यांना मात्र वाटतं की पोट बिघडलंय. ते फळं-भाज्या बंद करतात, केळं, भात आणि टोस्टवर ठेवतात, आणि मूळ त्रास वाढतो.

ओमचं हेच झालं होतं. त्या रात्री आजीने त्याला उताणं झोपवून, गुडघे वर घ्यायला लावून, हलक्या हाताने पोट चाचपलं. खाली डाव्या बाजूला कडक गोळा हाताला लागला. शेवटचं नीट शौच कधी झालं, हे त्याला आठवत नव्हतं.

सवयींच्या आधी पोट मोकळं

आजीच्या लहानपणी कोकणातल्या कित्येक घरांत मुलांना ठरावीक दिवशी एरंडेल पाजायचे. शेजारणीने तेच सुचवलं. आजी म्हणाली, "एरंडेल नको गो. एक दिस मोकळा, मगे परत थंयच." आजीचं म्हणणं बरोबर होतं. एरंडेलाने पोटात मुरडा येतो, पाण्यासारखे जुलाब होतात, आणि आधीच घाबरलेल्या मुलाला संडास म्हणजे दुखणं हेच पुन्हा पटतं. साबणाच्या कांड्या आणि घरगुती एनिमा यांचंही तसंच. मागच्या वाटेने केलेला कुठलाही उपाय घाबरलेल्या मुलाला आणखी आवळून धरायला शिकवतो.

दुसऱ्या दिवशी आजी त्याला तालुक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी पोट तपासलं, वजन पाहिलं आणि पाण्यात विरघळवून प्यायची चवहीन पावडर लिहून दिली. ही पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर असते. ती आतड्यात पाणी धरून ठेवते, त्यामुळे मळ मऊ राहतो. ती आतड्याला ढोसून हलवत नाही आणि तिची सवयही लागत नाही. काही मुलांना त्याऐवजी लॅक्टुलोजचं सिरप देतात. पहिले काही दिवस मात्रा जास्त असते, म्हणजे साचलेलं निघून जातं, आणि मग रोजची कमी मात्रा पुढे चालू राहते. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, म्हणून ती डॉक्टरांनीच ठरवायची.

हा टप्पा मी मुद्दाम आधी सांगतोय. आत गोळा अडलेला असताना नाचणी आणि भाज्यांचा मारा केला तर पोट फुगतं, दुखतं आणि अडलेलं तसंच राहतं. मुलाचं पोट खाली कडक लागत असेल, चड्डीला वारंवार डाग पडत असतील, किंवा शौच इतकं जाड होत असेल की संडासात अडकतं, तर आधी डॉक्टर आणि मग घरच्या सवयी. ज्याचं नुकतंच थोडं कडक होऊ लागलंय, डाग नाहीत, पोट मऊ आहे, त्याला पुढच्या सवयी बहुतेक वेळा पुरतात.

बसण्याची वेळ

आजीच्या सगळ्या शिकवणुकीत सर्वांत वजनदार गोष्ट वेळेची होती. जेवण पोटात पडलं की मोठ्या आतड्याला हलायचा इशारा मिळतो. ही शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे आणि ती सकाळी उठून पहिलं खाल्ल्यावर सर्वांत जोरदार असते. खाल्ल्यापासून साधारण अर्ध्या तासाच्या आत तिचा भर असतो. आजीला यातलं पुस्तकी काही माहीत नव्हतं, पण तिचं एक वाक्य होतं, "पोट भराक लागला की खालचा हलता."

म्हणून तिने दिवस असा लावला. उठल्यावर तोंड धुऊन पेलाभर कोमट पाणी. मग गरम न्याहारी, बसून, घाई न करता. न्याहारी संपल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी दोघांनी आळीपाळीने संडासात जाऊन बसायचं. कळ आली असो वा नसो. स्वराला काही त्रास नव्हता, तरी आजीने तिलाही बसवलं. एकट्या ओमला बसवलं असतं तर ती शिक्षा वाटली असती. दोघं बसली की तो घरचा रिवाज झाला.

बसायचं किती? पाच मिनिटं, फार तर सात-आठ. त्याहून जास्त बसवण्यात काही फायदा नाही. उलट मूल कंटाळतं, कुंथतं आणि गुदद्वाराच्या शिरांवर ताण येतो. आजी बाहेरच्या पायरीवर बसून परवचा म्हणायची, बे ते दहाचे पाढे, सावकाश. पाढे संपले की उठायचं. झालं तर झालं, नाही तर नाही. मोबाइल आत न्यायचा नाही, कारण मोबाइल असला की बसलेलं मूल पोटाकडे लक्ष देत नाही आणि वेळ लांबत जाते.

संध्याकाळच्या खाण्यानंतर आणखी एकदा असंच पाच मिनिटं. दिवसातून दोन बैठका पुरतात. मधल्या वेळेत कळ आली तर मात्र खेळ सोडून लगेच जायचं, हा दुसरा नियम. "कळ इली की ऊठ, खेळ थंयच आसा," एवढंच ती सांगायची, आणि खेळातली त्याची जागा स्वरा राखून ठेवायची.

पाय कुठे ठेवायचे

गावचा संडास मागीलदारी, उकिडवं बसायचा. बसण्याची ही पद्धत शौचासाठी उत्तमच. गुदाशयाच्या खालच्या टोकाभोवती एक स्नायू असतो, तो एरवी त्या नळीला पुढे ओढून बाक देतो, म्हणून मळ धरून ठेवता येतो. उकिडवं बसल्यावर तो स्नायू सैल पडतो, बाक कमी होतो आणि वाट सरळ होते. पण ओमला तिथे बसायची भीती वाटत होती. पावठे त्याच्या पायांना फार दूर पडत होते, भोकात पाय जाईल असं वाटायचं, वर भिंतीवर पाल, आणि दिवा मिणमिणता. घाबरलेल्या मुलाचा खालचा स्नायू सैल पडत नाही, मग पद्धत कितीही चांगली असो.

आजीने भीती हसण्यावारी नेली नाही. दिवा बदलून मोठा लावला. बसण्याआधी केरसुणीने भिंती झाडायची, पाल हाकलायची. दाराच्या कडीला जाड दोरी बांधली, ती धरून त्याला बसता येईल अशी. पहिले काही दिवस दार अर्धं उघडं ठेवून ती स्वतः पायरीवर. पाण्याची बादली आणि तांब्या त्याच्या हाताला लागेल अशा जागी, म्हणजे धुवायला दुसऱ्याची वाट पाहायला नको.

डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये कमोड होता, आणि तिथे अडचण नेमकी उलटी. सहा वर्षांच्या मुलाचे पाय कमोडवर लोंबकळतात. आजीने सुनेला फोनवर विचारलं, "पायाखाली काय नाय, तर जोर खंयसून येतलो?" कमोडपुढे पाट किंवा पक्कं स्टूल ठेवायचं, साधारण वीतभर उंचीचं, म्हणजे दोन्ही तळवे पूर्ण टेकतील आणि गुडघे कमरेच्या थोडे वर येतील. बैठक मोठी असेल तर मुलांची छोटी रिंग बसवायची, म्हणजे आत घसरायची भीती जाते. मग किंचित पुढे वाकून कोपरं मांड्यांवर टेकवायची. श्वास कोंडून कुंथायचं नाही. फुगा फुगवल्यासारखी लांब फुंकर मारायची, त्याने पोटाचा दाब हळूहळू खाली जातो आणि खालचा स्नायू सैल राहतो. ओमला आजीने खरोखरच एक फुगा दिला होता.

ताटात काय

कोकणातल्या ताटाबद्दल एक गैरसमज आहे की मासे-भात हलका, म्हणून पोटाला चांगला. पचायला तो हलका असेल, पण पॉलिश केलेला पांढरा भात, कालवण आणि तळलेला मासा यांत मळाला आकार आणि ओल देणारा चोथा जवळजवळ नसतो. माशात तर तो नसतोच. सोलकढीने द्रव मिळतो, चोथा नाही. सुट्टीत पोरांना दोन्ही वेळा मासे-भात आणि मध्ये चहाबरोबर खारी-टोस्ट मिळत असेल तर पोट अडणारच.

मुलाला रोज किती चोथा हवा याचा एक सोपा हिशोब आहे. वयात पाच मिळवायचे, तितके ग्रॅम किमान. ओमला सहा अधिक पाच, म्हणजे 11 ग्रॅम. आजीच्या घरात हे कसं जमलं ते पाहा. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 11 ग्रॅम चोथा असतो, तर तेवढ्याच पांढऱ्या तांदळात तीनच्या आसपास. चाळीस ग्रॅम पिठाची एक लहान भाकरी म्हणजे चार-साडेचार ग्रॅम. दुपारी भात-माशाबरोबर अर्धी वाटी चवळीची किंवा काळ्या वाटाण्याची उसळ, त्यातून आणखी तीन-चार. तांबड्या माठाची किंवा अळूची भाजी दोन चमचे वाढली तर एक-दीड. एक पिकलेलं केळं किंवा पपईच्या दोन फोडी, साधारण दोन. बेरीज अकरा-बारापर्यंत गेली, आणि मासे कुठे बंद करावे लागले नाहीत.

ओम भाकरी खात नव्हता. आजीने त्यावर वाद घातला नाही. नाचणीचं पीठ ताकात कालवून, शिजवून, मीठ-जिरं घालून आंबील केली आणि न्याहारीला घावन्यासोबत वाटीभर दिली. घावन्यांच्या पिठातही थोडी नाचणी मिसळली. केळं मात्र पूर्ण पिकलेलं, सालीवर ठिपके आलेलं. कच्च्या केळ्यातला पिठूळपणा सहज पचत नाही आणि काही मुलांचं पोट त्याने अडतं. आंब्या-फणसाला तिने कधी नाही म्हटलं नाही, फक्त ते जेवणाच्या ऐवजी नकोत, एवढंच तिचं म्हणणं.

हे सगळं एका दिवसात ताटात आणायचं नाही. आजीने आधी चार दिवस फक्त आंबील दिली, मग उसळ वाढवली, मग भाजी. एकदम वाढवलं तर वारा धरतो, पोट दुखतं आणि मूल ते पदार्थच नाकारतं.

चोथ्याला पाणी लागतं. सहा वर्षांच्या मुलाला दिवसभरात ताक, पेज, आमटी धरून साधारण सव्वा लिटर द्रव हवा, आणि मे महिन्याच्या घामात त्याहून जास्त. मोजत बसायची गरज नाही. लघवी फिकट पिवळी असेल तर पुरतंय. गडद असेल आणि दुपारपर्यंत एकदाच झाली असेल तर कमी पडतंय. गरजेपेक्षा जास्त पाणी ढकललं तर मळ जास्त मऊ होत नाही, ते लघवीवाटे जातं. दुधाकडेही बघावं लागतं. ओम डोंबिवलीत दिवसाला तीन मोठे पेले दूध प्यायचा, त्यामुळे त्याला भूकच नसायची. आजीने ते दोन लहान पेल्यांवर आणलं. अर्धा लिटर ही वरची मर्यादा धरावी.

गाजावाजा नको

घरातल्या प्रत्येकाने मुलाला "झाली का?" विचारायचं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. पाहुणे बसलेले असतानाही विचारतात. आजीने पहिल्याच दिवशी सगळ्यांना मना केलं. ओमलाही सांगितलं, "माका काय सांगू नको, झाली की नाय ती. बसलंस ना? म्हंजे काम झाला." यात फार शहाणपण आहे असं मला वाटतं. बसणं मुलाच्या हातात असतं, होणं नसतं. बक्षीस होण्यावर ठेवलं की न झालेल्या दिवशी मूल हरतं आणि कुंथायला लागतं. आजीने बसण्यासाठी कॅलेंडरवर खडूची रेघ मारायला दिली, दोन्ही मुलांना, आपापल्या हाताने.

चड्डीला डाग पडला तर ओरडायचं नाही, भावंडांसमोर बोलायचं नाही. बदललेली चड्डी बादलीत टाकायची, एवढंच मुलाने करायचं. तो डाग आळसाचा नसतो, त्याला खरंच कळलेलं नसतं.

पण मोठ्यांना कळायला तर हवं. म्हणून आजी पाणी ओतण्याआधी एक नजर टाकायची आणि रात्री कॅलेंडरच्या मागच्या बाजूला खूण करायची. शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे कडक गोळे म्हणजे फार दिवस आत राहिलेलं. पिकल्या केळ्यासारखं, मऊ आणि सलग, म्हणजे ठीक. डॉक्टर यासाठी 1997 साली प्रसिद्ध झालेला ब्रिस्टलचा तक्ता वापरतात. त्यात सात प्रकार आहेत आणि तिसरा-चौथा चांगला मानतात. चार वर्षांच्या पुढच्या मुलाला रोज व्हायलाच हवं असं नाही. दिवसाआड होऊनही मऊ आणि न दुखता होत असेल तर काळजी नाही. रोज होऊनही लेंड्याच पडत असतील तर मात्र बद्धकोष्ठताच.

पुढे काय झालं

पहिल्या तीन-चार दिवसांत पावडरीने बरंच साचलेलं निघालं. तेव्हा चड्डी जास्तच खराब झाली आणि सून फोनवर घाबरली. हे अपेक्षित असतं. त्यानंतर आठवडाभर बैठका बहुतेक रिकाम्या गेल्या. एके सकाळी आंबिलीनंतर, पाढे सहापर्यंत आले असताना, न दुखता झालं. पुढे दोन दिवस नाही, मग पुन्हा झालं. तिसऱ्या आठवड्यात डाग थांबले आणि खांबाआड जाणंही थांबलं.

इथेच बहुतेक घरं औषध बंद करतात, आणि महिन्याभरात सगळं पुन्हा सुरू होतं. ताणलेला गुदाशय मूळ आकाराला यायला आणि कळीची जाणीव परतायला महिने लागतात. म्हणून औषध साधारण किमान दोन महिने चालतं, त्रास पूर्ण थांबून महिना गेला की मग डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करतात. ओमची पावडर शाळा सुरू झाल्यावरही चालू राहिली.

पुढची अडचण शाळेचीच होती. सकाळची शाळा सातची, न्याहारीच नाही तर बैठक कुठली. सुनेने मुलांना अर्धा तास आधी उठवून काही दिवस पाहिलं. जमत नव्हतं. मग आजीने सांगितलं की घाईतली बैठक नसलेली बरी. शाळेतून आल्यावरचं जेवण आणि संध्याकाळचं खाणं, या दोन वेळा पक्क्या धरा. रविवारी सकाळची धरा. तसं केल्यावर जमलं. शिवाय सुनेने वर्गशिक्षिकेला भेटून, ओमने हात वर केला की विचारपूस न करता जाऊ द्या, एवढं सांगून ठेवलं.

काही खुणा दिसल्या तर घरच्या सवयींवर थांबायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. त्रास जन्मापासून किंवा पहिल्या महिन्यापासून असेल, जन्मानंतर पहिलं काळं शौच दोन दिवसांनी झालं असेल, पोट फुगत असेल, वजन वाढत नसेल किंवा घटत असेल, वारंवार ताप येत असेल, पाय अशक्त वाटत असतील. हिरवी उलटी होत असेल किंवा पोट फुगून कडक होऊन फार दुखत असेल तर त्याच दिवशी दवाखाना. कडक शौचाच्या बाहेरून लालभडक रक्ताची रेघ दिसली तर बहुधा चीर पडलेली असते, ती मळ मऊ राहिला की भरून येते, पण दाखवून घ्यावं. रक्त मळात मिसळलेलं असेल तर वाट पाहू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला यातलं काहीच लागू नाही, त्याला सरळ डॉक्टरांकडे न्यावं.

गणपतीला दोघं पुन्हा गावी निघाली तेव्हा आजीने सुनेला आधीच फोन केला. रात्रीच्या गाडीत मुलं पाणी पीत नाहीत, संडास घाण म्हणून धरून ठेवतात, आणि गावी पोहोचल्यावर मोदक, वडे आणि पाहुण्यांच्या गर्दीत बैठक हुकते. तापानंतर आणि प्रवासानंतर जुना त्रास सर्वांत आधी डोकं वर काढतो. गाडीत बाटली हाताशी ठेवा, सोबत केळी आणि राजगिऱ्याचे लाडू घ्या, पोहोचल्या सकाळी आंघोळ-आरतीच्या आधी आंबील आणि बैठक. दोन दिवस लागोपाठ लेंड्या दिसल्या किंवा पोर पुन्हा खांबाआड उभं राहिलेलं दिसलं, तर पावडर कमी करत आणली असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून मात्रा विचारायची, चार दिवस वाट पाहायची नाही.